पॅसेजचा एक दिवा, तीन स्विच: मधल्या स्विचची जोडणी

प्रश्न: आमची लालबागची जुनी चाळ आहे. मजल्यावरचा पॅसेज साधारण २८ मीटर लांब. जिन्याकडे एक आणि मागे संडासाकडे एक असे दोन टूवे स्विच आहेत, मधला एक दिवा त्या दोन्हींवर चालतो. आता मधे, आजीच्या दाराशी तिसरा स्विच हवा आहे. वायरमन म्हणतो, मीटरपासून नवीन फेज ओढावी लागेल, त्याशिवाय होणार नाही. खरंच का? आणि इंटरमीडिएट स्विच नक्की जोडतात कसा?

नवीन फेज लागत नाही. मधल्या स्विचला वेगळी फेजही लागत नाही आणि न्यूट्रलही लागत नाही. दोन टोकांच्या टूवे स्विचमधे ज्या दोन वायरी धावतात त्या मधे तोडायच्या, चार टोकं हाताशी येतात, ती इंटरमीडिएटच्या चार टर्मिनलना लावायची. काम एवढंच आहे. माणसं चुकतात ती दोन ठिकाणी: त्या दोन वायरी नेमक्या कुठल्या, आणि चार टर्मिनलपैकी एका बाजूची दोन कुठली.

आधी तुमच्या पॅसेजमधे आज काय आहे ते पाहू. मीटरकडून आलेली फेज जिन्याकडच्या टूवेच्या कॉमनला येते, म्हणजे तीन टर्मिनलपैकी जे उरलेल्या दोनपैकी एकाला कायम जोडलेलं असतं त्याला. तिथून दोन वायरी निघतात आणि थेट संडासाकडच्या टूवेच्या दोन टर्मिनलना जातात. यांना मी जोडवायरी म्हणतो. तिकडच्या टूवेच्या कॉमनमधून एक वायर मागे फिरून दिव्याला येते, आणि दिव्याचा न्यूट्रल कुठल्याही स्विचमधे न जाता सरळ मीटरकडून येतो.

जोडवायरी म्हणजे स्लो आणि फास्ट असे दोन रूळ समजा. जिन्याकडचा टूवे हा पहिला सांधा, तो गाडी स्लोवर टाकतो नाहीतर फास्टवर. संडासाकडचा टूवे हा शेवटचा सांधा, तो एका वेळी एकाच रुळावरची गाडी आत घेतो. दोघांचा रूळ जुळला तर दिवा लागतो, नाही जुळला तर विझलेला राहतो. आता मधे इंटरमीडिएट बसवला की तो एका अवस्थेत स्लोची गाडी स्लोवरच जाऊ देतो, आणि दुसऱ्या अवस्थेत स्लोची फास्टवर आणि फास्टची स्लोवर टाकतो. म्हणजे टोकांचे सांधे कसेही असोत, मधला दाबला की जुळलेलं मोडतं आणि मोडलेलं जुळतं. उद्या चौथी जागा हवी झाली तर याच दोन रुळांवर आणखी एक इंटरमीडिएट घालायचा. टोकाला मात्र टूवेच राहणार.

आता खरेदी. लोहार चाळीत जाऊन ‘इंटरमीडिएट द्या’ म्हटलं तर अर्ध्या वेळा पोऱ्या टूवे काढून देतो, कारण दिवसभर तोच खपतो. मागची बाजू बघा. तीन टर्मिनल असतील तर तो टूवे, परत द्या. चार असतील तरी लगेच पैसे देऊ नका, कारण गिझरला लावतात त्या डीपी स्विचलाही चारच टर्मिनल असतात. फरक असा की डीपी ‘बंद’ केला की सगळं तुटतं. इंटरमीडिएटला ‘बंद’ अशी अवस्थाच नसते, दाबा किंवा सोडा, दोन वाटा कायम जोडलेल्या असतात. ६ किंवा १० अँपिअरचा असला तरी पुरे, एका दिव्याचा भार तो काय. आणखी एक, मॉड्युलर मालात प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक रेंजमधे हा स्विच मिळतोच असं नाही, आणि एका रेंजचा स्विच दुसऱ्याच्या प्लेटमधे बसत नाही. तुमच्या प्लेटला मिळाला नाही तर आजीच्या दाराशी वेगळ्या बनावटीची छोटी पेटी बसवा. दिसायला थोडं विजोड, पण चालतं व्यवस्थित.

स्विच घरी आणल्यावर भिंतीला लावायच्या आधी टेबलावर मल्टिमीटरने तपासा. ही पाच मिनिटं कधीच वाचवू नका. काही कंपन्यांच्या स्विचमधे एका बाजूची दोन टर्मिनलं शेजारी असतात, काहींमधे वर-खाली, काहींमधे तिरकी. वर छापलेल्या खुणाही एकसारख्या नसतात. छापील खुणेवर विसंबू नका, मीटरला विचारा. मीटर बझरवर ठेवा आणि चार टर्मिनलना आपल्या सोयीने क, ख, ग, घ म्हणा. दोन-दोनच्या सगळ्या जोड्या लावून बघा, मग स्विच दाबून पुन्हा बघा. समजा पहिल्या अवस्थेत क-ग आणि ख-घ वाजलं, दुसऱ्या अवस्थेत क-घ आणि ख-ग वाजलं. यात क-ख दोन्ही वेळा गप्प, आणि ग-घ पण दोन्ही वेळा गप्प. जी दोन टर्मिनलं कुठल्याच अवस्थेत एकमेकांना मिळत नाहीत ती एका बाजूची. म्हणजे क आणि ख जिन्याकडून येणाऱ्या वायरींना, ग आणि घ संडासाकडे जाणाऱ्या वायरींना. स्केचपेनने दोन्ही जोड्यांवर ठिपके मारून ठेवा. बनावट कुठलीही असो, ही कसोटी चुकत नाही, कारण चार टर्मिनलच्या दोन-दोन जोड्या तीनच प्रकारे पडतात, त्यातले दोन प्रकार स्विच वापरतो आणि तिसरा उरतो.

आता वायरी शोधणं. जुन्या चाळींत वायरमनने एकाच लाल कॉइलमधून सगळं ओढलेलं असतं, त्यामुळे रंग बघून काही कळत नाही. मजल्याच्या सार्वजनिक लाइनचा एमसीबी पाडा, त्यावर चिठ्ठी चिकटवा, आणि जिन्याकडच्या बोर्डात फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थिंग मीटरने बघून लाइन मेली आहे याची खात्री करा. नुसत्या टेस्टरवर विश्वास नको, त्याचं कारण पुढे येईलच.

जिन्याकडचा टूवे उघडला की तीन वायरी दिसतील. कॉमन कुठला हेही मीटरनेच ठरवा: जे टर्मिनल दोन्ही अवस्थांत कोणाला ना कोणाला मिळतं तो कॉमन. कॉमनवरची वायर जागेवर राहू द्या. उरलेल्या दोन सोडवा, त्यांचे तांबे एकमेकांना पीळ देऊन जोडा. मग संडासाकडचा टूवे उघडून त्याच्याही कॉमनशिवायच्या दोन वायरी सोडवा आणि त्यांच्यामधे मीटर धरा. बझर वाजला म्हणजे या दोन्ही टोकांना दिसताहेत त्याच जोडवायरी. तिथे एका माणसाला मीटर घेऊन उभा करा. पोरगा असेल तर उत्तम, त्यांना ‘वाजतंय’ असं ओरडायला फार आवडतं.

तुम्ही मधे, दिव्याजवळ या. केसिंगची पट्टी उघडली की दिव्यापर्यंतच येऊन थांबणाऱ्या वायरी वेगळ्या दिसतात: जिन्याकडून आलेला न्यूट्रल आणि संडासाकडून परत आलेली वायर. न थांबता पुढे जाणाऱ्या दोन त्या आपल्या. पण त्याच पट्टीतून कोणाची बेल, कोणाची टीव्हीची लाइन गेलेली असू शकते, म्हणून जिन्याकडून कोणाला तरी त्या पिळलेल्या वायरी हलकेच ओढायला सांगा आणि मधे कुठल्या हलतात ते बोटाने पाहा. पाइपातून नेलेल्या असतील तर दिव्याजवळचा जंक्शन बॉक्स उघडावा लागेल. खात्री वाटली की एकच वायर तोडा. पलीकडचा बझर थांबला पाहिजे. थांबला तर वायर बरोबर. थांबला नाही तर तुम्ही दुसऱ्याच कोणाची वायर तोडली आहे, ती आधी नीट जोडून घ्या. मग दुसरी तोडा. आता मधे चार टोकं आहेत. जिन्याकडची दोन आपसात वाजतील, कारण त्यांची टोकं तिकडे पिळलेली आहेत. ती जोडी वेगळी धरा, एक चिकटपट्टी गुंडाळा. संडासाकडची दोन उरली ती दुसरी जोडी.

तोडलेल्या वायरी वर छताजवळ, आणि बोर्ड आजीच्या हाताशी, म्हणजे वायर पुरणार नाही. १.५ चौरस मिलिमीटरचे चार तुकडे, प्रत्येकी दोन मीटर, म्हणजे सगळी मिळून ८ मीटर नवीन वायर खाली आणायची. वरचे चार सांधे जंक्शन बॉक्समधे कनेक्टरने करा. पीळ मारून काळी टेप गुंडाळणं सोडून द्या, पॅसेज उघडा असेल तर दोन पावसाळ्यांत ती टेप चिकट होऊन गळून पडते.

मात्र वायर सोलताना आवरणाचा भुगा पडला, किंवा आत तांब्याऐवजी ॲल्युमिनियम निघालं, तर तिथेच थांबा. असल्या वायरीला नवीन तांब्याची वायर जोडण्यापेक्षा जोडवायरी अख्ख्या बदला. २८ मीटरच्या दोन म्हणजे ५६, अधिक बोर्डांपर्यंतचे उतार: जिन्याकडे दोन, मधे चार, संडासाकडे दोन, प्रत्येकी दोन मीटर धरला तर १६. एकूण ७२ मीटर, ९० मीटरच्या एका कॉइलमधे बसतं. दोन्ही जोडवायरी एकाच रंगाच्या असल्या तरी अडत नाही. त्यांची आपसात अदलाबदल झाली तरी फक्त स्विचची वर-खालीची दिशा उलटते.

जोडणी आता सोपी आहे. जिन्याकडची जोडी ठिपकेवाल्या एका जोडीला, क-ख ला. संडासाकडची जोडी ग-घ ला. जोडीतली कुठली वायर कुठल्या टर्मिनलला हे महत्त्वाचं नाही, जोडी फुटता कामा नये. जिन्याकडचा पीळ सोडवून दोन्ही टोकांच्या वायरी आपापल्या टूवेवर परत लावा. हे विसरून एमसीबी उचलला तर स्फोट वगैरे होत नाही, दोन्ही जोडवायरी एकाच फेजच्या असतात. दिवा मात्र लागणार नाही आणि तुम्ही तासभर नव्या स्विचला दोष देत बसाल.

तपासणी अशी करा. तीन स्विच, प्रत्येकाच्या दोन अवस्था, म्हणजे एकूण आठ मांडण्या. त्यांतल्या चारमधे दिवा लागलेला हवा आणि चारमधे विझलेला. आठही करून बघा. ‘तिन्ही एकेकदा दाबले, लागला-विझला, झालं’ असं म्हणून निघून गेलात तर चूक लपून राहते.

ती कशी, हे मी गिरगावात एका चाळीत शिकलो. माझ्या मदतनिसाने सगळं बसवलं, तीनही स्विच एकदा दाबून पाहिले, ठीक वाटलं. संध्याकाळी फोन आला: कधी लागतो, कधी लागतच नाही. जाऊन पाहिलं तर मधला स्विच खाली असताना दोन्ही टोकं छान चालत होती. मधला वर केला की टोकाचे दोन्ही स्विच कितीही दाबा, काळोख. मी जोडी फुटली असेल म्हणून पेटी उघडली. जोडी एका बाजूचीच असावी लागते, आणि येणाऱ्या दोन वायरी जर क आणि ग ला लागल्या, तर एका अवस्थेत त्या दोघी आपसातच जोडल्या जातात आणि पुढे काहीच जात नाही. लक्षण नेमकं हेच असतं. पण जोडी शाबूत होती. स्विच बाहेर काढून मीटर लावला तेव्हा कळलं की दुकानातून डीपी आला होता. ‘चालू’ असताना दोन्ही वायरी सरळ जात होत्या, ‘बंद’ केला की दोन्ही तुटत होत्या. लक्षण एकच, कारणं दोन, आणि फरक मीटरशिवाय कळत नाही. तेव्हापासून टेबलावरची तपासणी मी सोडत नाही.

टोकाच्या स्विचमधेही अशीच चूक होते. जिन्याकडे फेज कॉमनला न लागता बाजूच्या टर्मिनलला लागली आणि कॉमनवर जोडवायर गेली, तर तो स्विच एका बाजूला असताना बाकीचे दोन काम करतात, दुसऱ्या बाजूला गेला की सगळे मेले. संडासाकडे दिव्याची वायर कॉमन सोडून बाजूला लागली तरीही तसंच. त्यामुळे शोधायचा नियम एकच ठेवा: ज्या स्विचच्या एका अवस्थेत उरलेले दोन्ही निकामी होतात, चूक त्याच्याच पेटीत आहे. मधला असेल तर जोडी फुटली किंवा स्विच चुकीचा. टोकाचा असेल तर कॉमन चुकला.

तुमच्या प्रश्नात नाही, पण टूवे उघडल्यावर एक गोष्ट नक्की बघा. काही जुन्या जोडण्यांमधे दोन्ही टोकांच्या टूवेला बाजूच्या एका टर्मिनलवर फेज आणि दुसऱ्यावर न्यूट्रल आणलेला असतो, आणि दोन्ही कॉमनमधून दिव्याच्या दोन टोकांना वायर जाते. वायर वाचते म्हणून कोणी हे केलेलं असतं. यात दिवा विझलेला असताना होल्डरच्या दोन्ही टोकांवर फेज उभी असू शकते, आणि एकाच छोट्या स्विचमधे फेज-न्यूट्रल शेजारी-शेजारी नांदतात. असं दिसलं तर मधे इंटरमीडिएट घालायचा विचारच सोडा, आधी ती जोडणी मोडून वर सांगितल्याप्रमाणे करून घ्या. न्यूट्रल कुठल्याही स्विचमधे जाता कामा नये. आणि मधल्या बोर्डाजवळ ज्यांचं घर असेल त्यांच्याकडून न्यूट्रल ‘उसना’ घेऊ नका. फेज सोसायटीच्या मीटरची, न्यूट्रल खोलीचा, असं झालं की त्या घरात आरसीसीबी असल्यास तो पॅसेजचा दिवा लावताच पडतो, आणि भांडण तुमच्या आजीपर्यंत येतं.

आता टेस्टरची गोष्ट, आणि तिच्याबरोबर येणारी तक्रार: तिसरा स्विच बसल्यावर एलईडी दिवा विझवला तरी मंद जळत राहतो किंवा मधेच लुकलुकतो. ही जोडणीची चूक नाही. दोन जोडवायरींपैकी एक कायम फेजवर असते. दिवा विझलेला असताना दुसरी, म्हणजे दिव्याला जोडलेली, तिच्या अगदी अंगाला लागून २८ मीटर जाते. दोन तांब्याच्या वायरी आणि मधे प्लास्टिक, म्हणजे एक लांबुळका कपॅसिटरच झाला. दर मीटर लांबीला पन्नास ते शंभर पिकोफॅरड धरले तर २८ मीटरला साधारण दीड ते तीन नॅनोफॅरड होतात, आणि २३० व्होल्टला त्यातून ०.१ ते ०.२ मिलीअँपिअर करंट झिरपतो. जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या दिव्याला याचा पत्ताही लागायचा नाही, पण काही एलईडींचा ड्रायव्हर एवढ्यावर जागा होतो. टेस्टरचा छोटा निऑनही याच झिरप्यावर मंद पेटतो, म्हणून मेलेली वायर जिवंत भासते, आणि वायरमन चक्रावून ‘तुमच्या भिंतीत करंट उतरलाय’ म्हणतो.

इलाज असा: आधी दुसऱ्या बनावटीचा दिवा लावून बघा, कित्येकदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर दिव्याच्या फेज आणि न्यूट्रलमधे ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स-टू वर्गाचा कपॅसिटर लावा. झिरपणारा करंट त्यातून निघून जातो आणि दिव्यावर जेमतेम तीन ते सात व्होल्ट उरतात. पंख्याच्या रेग्युलेटरमधला किंवा डीसीचा कपॅसिटर तिथे लावू नका, कायम २३० व्होल्टवर राहण्यासाठी तो बनवलेला नसतो.

काम परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडूनच करवून घ्या, लाइन सोसायटीच्या मीटरची आहे. ‘नवीन फेज लागेल’ म्हणणाऱ्या वायरमनला हे वाचून दाखवा, रागावला तर दुसरा शोधा.

आणि आजींना एक सांगून ठेवा: या तिन्ही स्विचना वर म्हणजे बंद, खाली म्हणजे चालू असं काही नसतं. आज वर असताना दिवा विझलेला असेल, उद्या वर असतानाच लागलेला असेल, टोकाला कोणी दाबलं त्यावर आहे. म्हणून दिवा बदलायला स्टुलावर चढणाऱ्याने स्विच ‘बंद दिसतोय’ यावर भरवसा ठेवू नये. तो वर हात घालत असताना संडासाकडून येणारा माणूस सवयीने स्विच दाबणारच. एमसीबी पाडून मगच चढायचं.